वक्तेहो, तुमचं नाव एकदा तुमच्याच तोंडून ऐकवा

आमच्या येत्या परिषदेत बोलणाऱ्या सर्व वक्त्यांना,

स.न.वि.वि.

तुमच्या भाषणांचे विषय मिळाले, वेळा ठरल्या, स्लाइड्सही येऊ लागल्या आहेत. आता प्रत्येकाकडून दोनच गोष्टी हव्या आहेत. एक, मोठ्याने वाचता येईल असा साधारण सत्तर शब्दांचा परिचय. दुसरी, दहा-पंधरा सेकंदांचं ध्वनिमुद्रण, ज्यात तुम्ही स्वतःचं नाव स्वतः उच्चाराल. दोन्ही मी प्रत्येकाला वेगवेगळं पत्र पाठवून मागितलं होतं. आलेल्या उत्तरांपैकी बऱ्याच जणांनी चार पानांचा बायोडेटा जोडला, आणि उच्चाराच्या रकान्यात ‘नेहमीसारखाच’ असं लिहिलं. म्हणून आता सगळ्यांना मिळून हे एकच पत्र लिहिते आहे. जरा लांबलंय, पण मी हट्ट का धरला आहे ते यातून कळेल.

आधी माझीच एक चूक सांगते. काही वर्षांपूर्वी एका कार्यक्रमाचं संयोजन माझ्याकडे होतं. एका वक्त्याबाईंचं नाव ऑनलाइन फॉर्ममधून रोमन लिपीत आलं. आडनावाशी आमचं काही अडलं नाही, अडलं पहिल्या शब्दाशी. तो पडद्यावर असा दिसत होता: `Geetha`. मी तो तसाच कार्डावर उतरवला, सूत्रसंचालकाने तसाच वाचला, आणि सभागृहात ‘गीथा’ असा उच्चार घुमला. बाई माइकपाशी आल्या, हसून म्हणाल्या, “गीता. साधंच आहे.” पहिली काही सेकंदं त्यात गेली. पण तेवढ्यावर निभावलं नाही. सत्राचे अध्यक्ष त्या वेळी कागद चाळत होते, त्यांनी समारोपात पुन्हा ‘गीथा मॅडम’ म्हटलं. आभार मानणाऱ्याकडे तेच कार्ड होतं, त्यानेही तेच म्हटलं. व्हिडिओचं मराठी शीर्षक करणाऱ्या मुलाने सभागृहात ऐकलं तसं लिहिलं. एका रकान्यातली चूक संध्याकाळपर्यंत तीन तोंडांतून आणि एका शीर्षकातून गेली होती.

दक्षिणेकडच्या बऱ्याच भाषा बोलणारे लोक रोमनमध्ये लिहिताना ‘त’साठी `th` वापरतात, कारण नुसता `t` त्यांना ‘ट’साठी हवा असतो. त्यामुळे `Latha` म्हणजे लता आणि `Karthik` म्हणजे कार्तिक. त्यांच्या पद्धतीत यात काहीच चूक नाही. चूक माझी होती, मी ते माझ्या पद्धतीने वाचलं. आपल्याकडे `Sathe` मधला `th` हा ‘ठ’ असतो, तिथे कुणी साथे किंवा साते वाचलं की आपल्याला खटकतं. एकाच जोडाक्षराचे तीन उच्चार झाले, आणि कागदाकडे बघून कुठला खरा ते ठरवायची काहीही सोय नाही.

तमिळ नावांतला `zh` ही त्याचीच पुढची पायरी. तो दिसला की आपल्याकडचा वाचणारा ‘झ’ म्हणून मोकळा होतो. प्रत्यक्षात तो त्या भाषेतला एक वेगळाच ध्वनी आहे, आणि आपल्याजवळ त्याच्या सर्वांत जवळचं अक्षर आहे ‘ळ’. तमिळ या नावातच तो शेवटी येतो, आणि म्हणून मराठीत आपण तमिळ असं ळ घालून लिहितो. इंग्रजी स्पेलिंगवरून हे कुणाला उमगणार?

तुमच्यातले काही म्हणतील, आमची नावं तर अस्सल मराठी, आम्ही देवनागरीत लिहून देतो, संपलं. नाही संपत. देवनागरीने त आणि ट, ल आणि ळ, न आणि ण यांचा प्रश्न सुटतो हे खरं. `Kale` मधून काळे की काले हे कळत नाही, देवनागरीत कळतं. पण ‘च’ आणि ‘ज’ या अक्षरांना मराठीत दोन-दोन उच्चार आहेत आणि लिहिताना आपण ते वेगळे दाखवत नाही. ‘चार’ म्हणताना जीभ जिथे लागते तिथे ती ‘चारा’ म्हणताना लागत नाही. दुनिया या अर्थाचा ‘जग’ आणि पाण्याचा ‘जग’ लिहिताना एकसारखे, बोलताना वेगळे. चंद्रकांत या नावातला च आणि चव्हाण या आडनावातला च एका माणसाच्या नावात शेजारी शेजारी आले, तरी एकसारखे उच्चारले जात नाहीत. आपल्याला हे सवयीने येतं. मराठी पुस्तकी शिकलेल्या सूत्रसंचालकाला ते येईलच असं नाही, आणि अनोळखी आडनाव आलं तर आपणही अंदाजच करतो. दंततालव्य, म्हणजे ‘चारा’मधल्या च सारख्या, उच्चारासाठी अक्षराखाली नुक्ता देण्याची एक पद्धत आहे, पण रोजच्या लिखाणात ती रुळली नाही. कार्डावर नुक्ता दिला तर वाचणाऱ्याला तो छपाईचा ठिपका वाटतो.

आणि ‘ज्ञ’? प्रज्ञा हे नाव मराठी माणूस ‘प्रद्न्या’ असं उच्चारतो आणि हिंदी भाषक ‘प्रग्या’ असं. अक्षरं तीच, लिपी तीच. ऋ पासून सुरू होणाऱ्या नावांचंही तेच, आपण रु म्हणतो, उत्तरेकडे रि म्हणतात. यात बरोबर-चूक असा वादच नाही. म्हणून मी तुम्हाला ‘शुद्ध उच्चार’ विचारत नाहीये. तुम्हाला स्वतःला कसा आवडतो, तो विचारते आहे. प्रज्ञा नावाच्या ज्या बाई लहानपणापासून प्रग्या म्हणून वाढल्या, त्यांना व्यासपीठावर प्रद्न्या करून टाकण्याचा अधिकार आम्हाला नाही, मग आमचं संस्कृत कितीही पक्कं असो.

याच कारणाने मला आवाज हवा आहे, लिहिलेला उच्चार पुरत नाही. आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीत लिहून देण्याची तयारी एका भाषाशास्त्रज्ञ वक्त्यांनी दाखवली आहे, त्यांचे मनापासून आभार. पण ती लिपी मला धड वाचता येत नाही आणि सूत्रसंचालकाला तर अजिबातच नाही. ‘अमुक शब्दाशी यमक जुळतं’ ही युक्ती बरी, पण तो अमुक शब्द आपण दोघं एकसारखा उच्चारतो हे आधी ठाऊक असावं लागतं.

फोन करून विचारत का नाही, असंही एकांनी सुचवलं. दोन वेळा करून पाहिलंय. साध्या फोन कॉलमध्ये सुमारे ३४०० हर्ट्झच्या वरचा आवाज कापला जातो, आणि ‘स’ कुठला नि ‘फ’ कुठला हे कानाला ज्यावरून कळतं त्याचा बराच भाग त्याच्या वर असतो. म्हणून तर फोनवर स्पेलिंग सांगताना आपण ‘एस फॉर’, ‘एफ फॉर’ करत बसतो. शिवाय फोनवर ऐकलेलं मला एकदाच ऐकायला मिळतं. ध्वनिमुद्रण सूत्रसंचालक आदल्या रात्री वीस वेळा ऐकू शकतो.

ते कसं करायचं, सांगते. मोबाइलमधला साधा रेकॉर्डर पुरे. पंखा बंद असलेली खोली, फोन तोंडापासून वीतभर लांब. बटण दाबल्यावर एक श्वास थांबा आणि मग बोला. सगळे जण इथेच घाई करतात, आणि नावाचं पहिलंच अक्षर कापलं जातं. मला नेमकं तेच हवं असतं! आधी पूर्ण नाव नेहमीच्या वेगाने म्हणा. मग एकदा सावकाश, तोडून. शेवटी एका वाक्यात घालून, म्हणजे ‘माझं नाव अमुक, आणि मंचावर मला अमुक म्हणा.’ हे तिसरं वाक्य फालतू वाटेल, पण सर्वांत कामाचं तेच. सुटं नाव म्हणताना माणूस नको तितका नीट बोलतो, एरवी न उच्चारला जाणारा अकारही ठासून म्हणतो. वाक्यात ते नाव जसं सहज येतं, तसंच आम्हाला ते म्हणायचं आहे.

तुमचं ध्वनिमुद्रण आलं की मला जे ऐकू येतं ते मी देवनागरीत लिहिते, अडचणीच्या जागी शेजारी टीप घालते, आणि तुम्हाला परत पाठवते. गीताबाईंच्या कार्डावर आज मी लिहीन: ‘गीता. त, तबल्यातला. थ नाही.’ तुम्ही ‘बरोबर’ म्हणालात की तेच कार्ड सूत्रसंचालक, सत्राध्यक्ष, आभार मानणारी व्यक्ती आणि व्हिडिओचं काम पाहणारे अशा चौघांकडे जातं. कार्यक्रमाच्या दिवशी तुमच्या सत्राआधी पंधरा मिनिटं सूत्रसंचालक तुम्हाला मंचामागे भेटेल आणि तुमच्यासमोर नाव म्हणून दाखवेल. तेव्हा भिडेपोटी ‘चालेल’ म्हणू नका. नसेल जमलं तर पुन्हा म्हणायला लावा. त्याला त्याची सवय आहे.

एक मर्यादा मान्य करते. काही ध्वनी आमच्या जिभेला जमणार नाहीत, आणि पंधरा मिनिटांत शिकवूनही येणार नाहीत. तमिळमधला तो ध्वनी त्यांतलाच. अशा ठिकाणी जवळचा कुठला उच्चार तुम्हाला चालतो ते तुम्हीच सांगा. ‘ळ’ म्हटलेलं चालेल पण ‘झ’ नको, इतकं स्पष्ट. ‘कसंही म्हणा’ हे मोठ्या मनाने लिहिलेलं असतं हे कळतं, पण माइकसमोर उभ्या असलेल्या माणसाला त्याचा काही उपयोग नसतो. त्याला काहीतरी एक म्हणावंच लागतं.

आता नावाच्या मागेपुढे येणाऱ्या गोष्टी. मधलं नाव, म्हणजे वडिलांचं किंवा नवऱ्याचं, वाचायचं की नाही? आद्याक्षरं असतील तर ती तशीच म्हणायची की पूर्ण नावं उलगडायची? दोन आडनावं लावत असाल तर दोन्ही का? डॉ., प्रा. असं काही लावायचं का? पीएचडी असूनही मंचावर डॉक्टर म्हटलेलं न आवडणारे लोक मला भेटले आहेत, आणि न म्हटल्यामुळे रुसलेलेही. दोघांचंही बरोबर आहे, फक्त आधी कळायला हवं. मानधनासाठी बँकेला लागणारं नाव वेगळं असेल तर ते हिशेबाच्या फॉर्मवर तसंच राहू द्या. इथे तुम्ही ज्या नावाने ओळखले जाता तेच हवं.

आणि मराठीत एक जास्तीची अडचण आहे, जी इंग्रजी बायोडेटा पाठवणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. ‘ते’ की ‘त्या’, ‘लिहीत आले’ की ‘लिहीत आल्या’, हे ठरवल्याशिवाय मराठी परिचयातलं वाक्य बहुधा पुरंच होत नाही. किरण, सुहास, शशी ही नावं स्त्रियांचीही असतात आणि पुरुषांचीही. रोमनमधलं `Krishna` हे कृष्ण असेल किंवा कृष्णा, कारण शेवटचा `a` बोलायचा की गिळायचा हे त्यात लिहिलेलं नसतं. इंग्रजी परिचय प्रथमपुरुषी असेल, ‘आय वर्क ऑन’ असा, तर त्यातून काहीच सुगावा लागत नाही. फोटो पाहून अंदाज करणं मी बंद केलं आहे. तेव्हा तुमच्याबद्दल बोलताना कुठलं सर्वनाम आणि कुठली क्रियापदं वापरायची, हे एका शब्दात कळवा. हा प्रश्न सगळ्यांनाच आहे, कुणी एकट्याने मनावर घेऊ नये.

परिचयाबद्दल आता. सत्तरच शब्द का? सावकाश, नीट वाचलं तर मिनिटाला साधारण शंभर ते सव्वाशे शब्द होतात, हे मी घड्याळ लावून पाहिलं आहे. म्हणजे सत्तर शब्दांना पाऊण मिनिटाच्या आसपास वेळ लागतो. मिनिटापलीकडे गेलं की लोक कार्यक्रमपत्रिका चाळायला लागतात. दोन मिनिटांचा परिचय झाला तर ती दोन मिनिटं तुमच्याच वीस मिनिटांतून जातात, कारण पुढच्या वक्त्याची वेळ मी हलवू शकत नाही.

पण लांबीपेक्षाही मोठा घोटाळा वेगळाच असतो. आलेले बहुतेक परिचय डोळ्यांनी वाचण्यासाठी लिहिलेले आहेत, कानांनी ऐकण्यासाठी नाहीत. कंसातली सालं, संस्थांची लघुरूपं, स्वल्पविरामांनी जोडलेले सात पुरस्कार. कागदावर नजर त्यावरून घसरत जाते, मोठ्याने वाचताना मात्र प्रत्येक शब्द उच्चारावाच लागतो. नमुना म्हणून एक परिचय मी स्वतःच रचला आहे, त्यातली व्यक्ती काल्पनिक आहे. येणारा मजकूर साधारण असा असतो:

‘भूशास्त्रात एम.एस्सी. (विशेष प्राविण्य), पीएच.डी., २३ शोधनिबंध (पैकी ९ आंतरराष्ट्रीय), ७ समित्यांच्या सदस्य, गेली २७ वर्षे भूजल क्षेत्रात कार्यरत, विविध पुरस्कारांनी सन्मानित, अनेक देशांत व्याख्याने, जलसाक्षरता, भूजल व्यवस्थापन, जनजागृती इत्यादी विषयांत विशेष रुची.’

हे ऐकून श्रोत्याला या बाई आज इथे का आल्या आहेत ते कळतं का? शिवाय ‘गेली २७ वर्षे’ हे कधी लिहिलं होतं? असे मजकूर वर्षानुवर्षं एका फाइलमधून दुसऱ्या फाइलमध्ये जात राहतात आणि २७ चे २७च राहतात. त्यापेक्षा सुरुवातीचं साल द्यावं, ते शिळं होत नाही. आता हाच परिचय मंचासाठी:

‘जमिनीखालचं पाणी डोळ्यांना दिसत नाही, मग ते मोजायचं कसं, हा यांच्या कामाचा विषय. १९९८ पासून त्या विहिरींच्या पाण्याची पातळी दर महिन्याला स्वतः नोंदवत आल्या आहेत, आणि त्या सगळ्या नोंदी त्यांनी कुणालाही पाहता येतील अशा खुल्या ठेवल्या आहेत. शिक्षणाने त्या भूशास्त्रज्ञ. आज त्या फक्त एका विहिरीबद्दल बोलणार आहेत, जिची पातळी चांगल्या पावसाच्या वर्षीही खाली गेली. मी आमंत्रित करतो...’

आणि यानंतर नाव. मुद्दाम शेवटी. नाव उच्चारल्यावर लोक टाळ्या वाजवतात आणि वक्ता उठतो, ही खूण सगळ्यांना ठाऊक असते. नाव सुरुवातीलाच घेतलं तर वक्ता अर्धवट उठून उभा राहतो आणि परिचय संपेपर्यंत अवघडून तिथेच थांबतो. म्हणून तुम्ही लिहिताना नावाने सुरुवात करू नका, त्याची जागा आम्ही ठेवू.

दुसऱ्या मजकुरातून पुरस्कार गेले, समित्या गेल्या, निबंधांची संख्या गेली. ज्यांना ती हवी त्यांच्यासाठी तुमचा सविस्तर बायोडेटा आम्ही छापील पुस्तिकेत घेऊच, तो वाया जात नाही. मंचासाठी मात्र काम काय करता, कधीपासून, आणि आज बोलायचा अधिकार त्यातल्या कुठल्या भागातून आला, एवढं द्या. एखादा पुरस्कार खरोखर आजच्या विषयाशी जोडलेला असेल तर राहू द्या. लघुरूपं पूर्ण लिहा. परिभाषेतला शब्द अडचणीचा असेल तर त्याचाही उच्चार ध्वनिमुद्रणातच सांगून टाका. पाठवण्याआधी परिचय एकदा मोठ्याने वाचा. जिथे तुमचा श्वास तुटेल तिथे सूत्रसंचालकाचाही तुटणार, तिथे वाक्य तोडा. मराठीत लिहायला वेळ नसेल तर इंग्रजीत पाठवा, भाषांतर मी करीन आणि तुम्हाला दाखवल्याशिवाय वापरणार नाही.

स्वतःबद्दल तृतीयपुरुषी लिहिताना संकोच वाटतो, असं दोघा-तिघांनी कळवलं. साहजिक आहे. अशांनी मला मुद्दे पाठवावेत, मी जोडून देते. फक्त ‘परिचयाची गरज नाही’ असं कुणी लिहू नका. सभागृहात निम्मे लोक तुम्हाला पहिल्यांदाच पाहत असतात.

दोन्ही गोष्टी कार्यक्रमाच्या दहा दिवस आधीपर्यंत मिळाव्यात. दोन दिवस कार्डं करायला, एक-दोन दिवस तुमच्याकडून तपासून घ्यायला, आणि उरलेले दिवस सूत्रसंचालकाला ऐकायला. उशीर झाला तर परिचय मी कसाबसा जमवीन, पण ध्वनिमुद्रणाशिवाय कार्ड छापायला देणार नाही. ध्वनिमुद्रणाच्या फाइलला कृपया स्वतःचं नाव द्या. `audio1` नावाच्या नऊ फाइली आत्ताच माझ्याकडे आहेत, आणि त्यातल्या दोघांनी बोलताना फक्त पहिलं नाव घेतलं आहे.

कळावे,

आपली,
कार्यक्रम संयोजक

ता. क. आमच्या समितीतल्या एका सदस्यांनी हे पत्र वाचून सांगितलं की गेली सहा वर्षं मी त्यांचं आडनाव चुकीचं उच्चारते आहे. त्यांचंही ध्वनिमुद्रण मागवलं आहे.